विश्लेषण : ‘document (3).pdf’ म्हणजे नेमके कोणते कागद? घराची कागदपत्रे वीस वर्षांनी सापडावीत म्हणून…

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी गावाच्या शिवारात गेल्या वीस वर्षांत असंघटित कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. विडी कामगार महिलांसाठीची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मधली, 10 हजार घरांची. त्यानंतर प्रधानमंत्री आवास योजनेतील रे नगर. तिथल्या 30 हजार घरांची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली आणि त्यांपैकी 15 हजार घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आणि रिक्षा चालवणाऱ्या कुटुंबांची ही घरे आहेत.

पायाभरणीपासून लोकार्पणापर्यंत पाच वर्षे गेली. एवढ्या काळात घरातला मोबाइल एकदा तरी बदलतो. कागद मात्र या काळात साठतच जातात : नोंदणीची पावती, हप्त्यांच्या पावत्या, कर्जमंजुरीचे पत्र, करारनामा, ताबापत्र. मूळ कागद लोखंडी पेटीत किंवा बँकेत असतात. रोजच्या कामासाठी लागणारी प्रत मोबाइलमध्ये असते, आणि ती हजार फोटोंच्या गर्दीत ‘IMG-20240205-WA0012.jpg’ अशा नावाने पडलेली असते. गृहकर्ज पंधरा-वीस वर्षांचे असते. ते फिटल्यावर बोजा उतरवताना, वारसनोंद करताना किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो कागद शोधायची वेळ येते. तेव्हा तो सापडेल की नाही, हे बहुतेक वेळा आज त्याला दिलेल्या नावावर ठरते.

मोबाइल स्वतःहून जे नाव देतो, त्यात चूक काय?

त्या नावात कागदाबद्दल काहीच नसते. ‘IMG-20240205-WA0012.jpg’ हे व्हॉट्सॲपने दिलेले नाव आहे. ‘20240205’ ही तारीख, ‘WA’ म्हणजे व्हॉट्सॲप आणि ‘0012’ हा त्या दिवशीचा अनुक्रमांक. इथली तारीख फोटो व्हॉट्सॲपवरून आला-गेला त्या दिवसाची असते, कागदावरची नसते. 2019 ची पावती कुणी 2024 मध्ये पाठवली, तर नावात 2024 येते. पुढे कुणी ‘2019 चे कागद’ शोधायला गेला की ही पावती त्याला दिसतच नाही.

‘document (3).pdf’ची गोष्ट वेगळी आहे. एकाच नावाची फाइल पुन्हा डाउनलोड केली की मोबाइल जुनी पुसत नाही, नव्या फाइलच्या नावापुढे कंसात आकडा लावतो. त्यामुळे (1), (2), (3) या एकाच कागदाच्या तीन प्रती असू शकतात किंवा तीन अगदी वेगळे कागदही असू शकतात. उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातला किंवा सेवा केंद्रातला स्कॅनर ‘scan0001’ अशी नावे देतो. तिथल्या संगणकावर तुमच्या फाइलशेजारी आधीच्या आणि नंतरच्या ग्राहकाच्याही याच धाटणीच्या फाइली असतात. दुसऱ्याचे ताबापत्र आपल्या मोबाइलवर येण्याचा प्रकार इथेच होऊ शकतो. स्कॅन झाल्या झाल्या तिथेच नाव बदलून घेणे, मग फाइल पाठवायला सांगणे आणि काम झाल्यावर दुकानातली प्रत पुसायला लावणे, एवढे केले तर हा घोळ टळतो. व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून घेऊ नये, ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्यावी. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलचे दिलेले नाव टिकते. फोटो म्हणून पाठवली की नावही बदलते आणि अक्षरेही पुसट होतात.

मग नाव कसे असावे?

वर्षांनंतर शोधणाऱ्याला सहसा तीन गोष्टी आठवतात : साधारण कधीचा, कुणाचा आणि कसला कागद. याच तीन गोष्टी, याच क्रमाने, प्रत्येक नावात असाव्यात. कुंभारीतले एक घर उदाहरणासाठी घेऊ. घर आईच्या नावावर आहे आणि तिचे नाव लक्ष्मी आहे, असे समजू. तिच्या तीन मुख्य कागदांना घरातल्या कुणीतरी कागदावरची तारीख पाहून अशी नावे दिली :

```
11-06-2019_Laxmi_nondani-pavati.pdf
16-08-2021_Laxmi_karja-manjuri.pdf
05-02-2024_Laxmi_tabapatra.pdf
```

वाचायला ही नावे ठीक आहेत. मात्र मोबाइलने ती नावानुसार लावली की ताबापत्र सर्वांत वर जाते, मग नोंदणी आणि मग कर्ज. कारण मोबाइलला ती तारीख आहे हे ठाऊकच नसते. तो डावीकडून एकेक अक्षर तपासतो, आणि ‘05’ हे ‘11’च्या आधी येते. महिना-वर्ष पाहण्याची वेळच येत नाही. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस :

```
2019-06-11_Laxmi_nondani-pavati.pdf
2021-08-16_Laxmi_karja-manjuri.pdf
2024-02-05_Laxmi_tabapatra.pdf
```

आता नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच झाला. तारखेची ही मांडणी आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि ते 1988 पासूनचे आहे. आपल्याला ती थोडी उलटी वाटते, पण दोन-चार फाइलींनंतर हात बसतो. महिना एका आकड्याचा असेल तर आधी शून्य हवेच, नाहीतर काही ॲपमध्ये दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येतो. कागदावर फक्त वर्ष असेल तर ‘2019-00-00’ लिहावे. म्हणजे ती फाइल त्या वर्षाच्या सुरुवातीला जाऊन बसते आणि तारीख ठाऊक नव्हती हेही कळते.

तारीख कागदावर छापलेलीच घ्यावी, स्कॅन केल्याची नको. कार्यालयात विचारतात ते ‘कोणत्या तारखेचे पत्र?’ असेच.

‘आई’ लिहिले तर चालणार नाही का?

आज चालेल. पण घरातली मुलगी ‘aai_aadhaar.pdf’ असे नाव देते, लग्न होऊन सासरी जाते, आणि काही वर्षांनी तिच्या मुलांच्या दृष्टीने ‘aai’ ती स्वतःच असते. नाते हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते, म्हणून फाइलमध्ये नाव हवे, तेही पहिले नाव. आडनाव लग्नानंतर बदलते. विडी कामगार महिलेचे एक ओळखपत्र माहेरच्या आडनावाचे आणि दुसरे सासरच्या, असे अनेक घरांत असते. आडनाव लावून ठेवलेल्या फाइली अशा वेळी दोन ठिकाणी विखुरतात. पहिल्या नावाने त्या एकत्र राहतात.

या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवावे लागते. लक्ष्मीचे Laxmi, Lakshmi, Laxmibai असे काहीही होऊ शकते. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी घरे शेजारी-शेजारी आहेत, तिथे हा प्रश्न जास्तच येतो. आधार कार्डावर जे स्पेलिंग आहे तेच फाइलला द्यावे. भविष्यनिर्वाह निधीच्या कामात नावातला फरक अडथळा ठरतो, तेव्हा आधारचे स्पेलिंग कुटुंबाला तोंडपाठ असलेले बरे. एखाद्या कागदावर नाव वेगळे छापले असेल तरी फाइलला ठरलेलेच नाव द्यावे आणि शेवटी ‘nav-farak’ असा शब्द जोडावा. दुरुस्तीचा अर्ज करायची वेळ आली की ‘nav-farak’ एवढे शोधले की असे सगळे कागद समोर येतात.

नाव मराठीत लिहायचे की इंग्रजी अक्षरांत?

मोबाइल देवनागरी नाव बिनतक्रार घेतो आणि मराठी माणसाला ते वाचायलाही सोपे. फोल्डरला मराठी नाव द्यायला काहीच हरकत नाही. फाइलसाठी मात्र इंग्रजी अक्षरांतली मराठी जास्त सोयीची पडते. त्याची कारणे तांत्रिक आहेत.

पहिले कारण शोधण्याचे. मराठीतला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : एकच अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि त्याखाली टिंब अशी दोन चिन्हे म्हणून. ‘कुऱ्हाडे’सारख्या नावातला अर्धा ‘ऱ’ तर वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या ॲपला ते वेगळे शब्द वाटू शकतात आणि ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येते. आकड्यांचेही तसेच. देवनागरी अंकांत लिहिलेले २०२४ आणि 2024 बऱ्याच ॲपच्या लेखी वेगळे आहेत.

दुसरे कारण लांबीचे. अँड्रॉइड मोबाइलवर फाइलचे नाव साधारणपणे 255 बाइटपर्यंत असू शकते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे देवनागरी नाव 85 चिन्हांत संपते. लांबलचक नावाची फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना अडली, तर हे कारण तपासून पाहावे.

शिवाय अर्ज भरण्याची काही संकेतस्थळे फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरे, आकडे, ‘-’ आणि ‘_’ यांखेरीज काहीच स्वीकारत नाहीत. रिकामी जागाही नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी फाइल अपलोड का होत नाही, हे कळायला अर्धा तास जातो आणि कारण नावातल्या एका कंसात असते.

इंग्रजी अक्षरांत लिहितानाही वीजबिलाचे ‘veej’, ‘vij’, ‘light’ असे तीन प्रकार होतातच. घरात जो शब्द बोलतात तोच घ्यावा. सगळे ‘लाइट बिल’ म्हणतात, तर ‘lightbill’. असे पंधरा-वीस शब्द ठरवून त्यांची एक छोटी यादी फोल्डरमध्येच ‘00_yadi.txt’ या नावाने ठेवावी. सुरुवातीच्या शून्यांमुळे ती सर्वांत वर राहते.

सातबाराचा घोळ काय आहे?

कुंभारी हे शेतीचेही गाव आहे, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलमधला सर्वांत जास्त वेळा मागितला जाणारा कागद म्हणजे 7/12. नेमके हेच नाव फाइलला देता येत नाही. तिरकी रेघ (/) ही संगणकासाठी ‘या फोल्डरच्या आत’ अशी खूण आहे, त्यामुळे ती फाइलच्या नावात चालत नाही. मग लोक ‘7-12’ लिहितात, आणि तारखेशेजारी ते 7 डिसेंबर वाटते. ‘712’ लिहिले तर गट नंबर वाटतो. सरळ ‘satbara’ लिहावे, आणि 8-अ साठी ‘8A’ :

```
2024-11-20_Kumbhari_satbara.pdf
2024-11-20_Kumbhari_8A.pdf
```

इथे माणसाच्या नावाऐवजी गावाचे नाव घेतले आहे, कारण उताऱ्यावर अनेक खातेदार असतात. जमिनीचे तुकडे जास्त असतील तर गट नंबरही जोडावा. सातबाऱ्यात तारीख अनिवार्यच समजावी. फेरफार झाला की उतारा बदलतो, आणि बँक ताजा उतारा मागते. दोन वर्षांपूर्वीचा उतारा फोल्डरमध्ये बिनतारखेचा पडला असेल तर तोच चुकून जोडला जातो.

तिरक्या रेघेप्रमाणेच विंडोजच्या संगणकावर \ : * ? " < > | ही चिन्हेही नावात चालत नाहीत. मोबाइलवर ‘:’ घालून दिलेले नाव पेनड्राइव्हवर घेताना अडते, ते यामुळेच.

नाव बदलल्याने कागद ‘बाद’ होतो का?

ही शंका रास्त आहे. सातबारा, ई-आधार असे अनेक कागद आता डिजिटल सहीसह येतात. ही सही फाइलच्या आतल्या मजकुरावर असते, नाव त्यात मोजलेले नसते. त्यामुळे ‘EAadhaar_’ने सुरू होणारे लांबलचक नाव बदलले तरी सही तशीच राहते. बाद होते ते स्क्रीनशॉट काढल्याने किंवा छापून पुन्हा स्कॅन केल्याने, कारण तेव्हा सहीचे फक्त चित्र उरते. अशा कागदांची मूळ पीडीएफच जपावी.

नाव बदलताना शेवटचे ‘.pdf’ किंवा ‘.jpg’ मात्र पुसू नये. ते गेले की फाइल कशात उघडायची हे मोबाइलला कळत नाही. फाइल गेलेली नसते. ते शब्द परत लिहिले की ती पुन्हा उघडते.

बदल करायचा तो मोबाइलच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये. फाइलवर बोट दाबून धरायचे, तीन टिंबांवर जायचे आणि ‘नाव बदला’ किंवा ‘Rename’ निवडायचे. गूगल फोटोजमध्ये ही सोय नाही, म्हणून कागदाचे फोटोही फाइल्समधूनच हाताळावे लागतात. गूगल ड्राइव्हवर नाव बदलले तर तिथलेच बदलते, मोबाइलमधल्या प्रतीचे नाही. त्यामुळे आधी मोबाइलमध्ये नाव द्यावे, मग ड्राइव्हवर चढवावे.

एक गोष्ट नावात कधीच नको : आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा पासवर्ड. ई-आधारची फाइल पासवर्डने बंद असते, पण तिचे नाव बंद नसते. ती पाठवली की समोरच्याच्या चॅटमध्ये आणि कधी नोटिफिकेशनमध्येही नाव सगळ्यांना दिसते.

फोल्डर किती असावेत?

थोडे. फोल्डरच्या आत फोल्डर करत गेले की ‘लक्ष्मीच्या नावावरच्या घराचे लाइट बिल’ नेमके लक्ष्मीत, घरात की बिलांत, असा पेच पडतो, आणि दोघे जण ते दोन ठिकाणी ठेवतात. नावातच माणूस आणि कागद लिहिला असेल तर फोल्डरने एवढेच सांगायचे राहते की हे किती काळ जपायचे.

यासाठी सरकारी दप्तराची जुनी पद्धत उपयोगी आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत काम संपलेल्या फाइलींची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. ‘अ’ म्हणजे कायम जपायच्या, ‘ड’ म्हणजे लवकरच नष्ट करायच्या, आणि मधल्या ठरावीक वर्षांसाठी. घराला चार वर्गांची गरज नाही, तीन पुरतात :

```
1_Kayam
2_Karja-sampeparyant
3_Varshabhar
```

कायम फोल्डरमध्ये करारनामा, सूची क्रमांक 2, ताबापत्र, जन्म-मृत्यू आणि जातीचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, विडी कामगार ओळखपत्र. दुसऱ्यात कर्जमंजुरी, हप्त्यांच्या पावत्या, वर्षाकाठचे कर्जखात्याचे विवरण. कर्ज फिटल्यावर बँकेचे बेबाकी पत्र मिळाले की ते ‘कायम’मध्ये जाते. ते मिळेपर्यंत दुसऱ्या फोल्डरमधले काही पुसू नये. तिसऱ्यात लाइट बिले आणि अर्जांच्या पोचपावत्या, आणि दर जानेवारीत जुन्या पुसून टाकता येतात. पोचपावती मात्र काम पूर्ण झाले आहे हे पाहूनच.

उत्पन्नाचा दाखला कुठे, हा प्रश्न हमखास येतो. त्याची मुदत ठरावीक असते, म्हणून तो तिसऱ्यात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते. अशा अर्जाला चालू मुदतीचा दाखला लागतो, तर आईचे ओळखपत्र वर्षानुवर्षे तेच. दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये असले की मुदत संपलेला दाखला नव्या अर्जाला चिकटत नाही.

‘new’, ‘final’, ‘latest’ हे शब्द कोणत्याही फोल्डरमध्ये नकोत. करारनाम्यात चूकदुरुस्ती होऊन दुसरा दस्त झाला, तर पहिल्याला हात न लावता दुसऱ्याला त्याच्या तारखेने ‘kararnama-durusti’ असे नाव द्यावे. दोन्ही कागद लागतात. तारखेमुळे आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे आपोआप दिसते.

जुना साठा कसा निस्तरायचा?

पाच वर्षांचे सगळे फोटो एका बैठकीत लावायला घेणे हा हमखास अर्धवट राहणारा उद्योग आहे. आधी पेटीतले मूळ कागद बाहेर काढावेत आणि ‘कायम’ची यादी त्यावरून करावी. एका घराचे असे कागद फार नसतात. तेवढेच नीट स्कॅन करून त्यांना नाव द्यावे. मोबाइलमधल्या जुन्या अंधूक प्रती शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

उरलेल्यांसाठी एक युक्ती आहे. फाइल्स ॲपच्या शोधपट्टीत ‘-WA’ लिहिले की व्हॉट्सॲपच्या नावांच्या फाइली समोर येतात, आणि ‘(1)’ लिहिले की दुहेरी प्रती. ज्यांना अजून नाव मिळालेले नाही, त्यांचीच ही यादी असते. लग्नाचे आणि सुप्रभातचे फोटो सोडून त्यातले कागद तेवढे निवडावेत. दोन फाइली एकच आहेत असे वाटले तर ‘तपशील’ उघडून आकार पाहावा. केबीपर्यंत आकडा तोच असेल तर बहुधा तोच कागद आहे, पण पुसण्यापूर्वी दोन्ही उघडून पाहावे.

सगळे झाल्यावर फोल्डर नावानुसार लावून एकदा वरून खाली पाहावे. ‘Laxmi’च्या फाइलींत एखादी ‘Lakshmi’ राहिली असेल, तर ती शोधात कधीच येणार नाही. एखादी फाइल 2002 सालात एकटीच दिसली, तर 2020 लिहिताना आकडे उलटले असण्याची शक्यता आहे. मग मोबाइल घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा, ज्याने ही नावे दिलेली नाहीत त्याच्या, आणि त्याला 2021 चे कर्जमंजुरीचे पत्र काढायला सांगावे. त्याने ‘manjuri’ऐवजी ‘loan’ शोधले आणि काहीच सापडले नाही, तर यादीतला शब्द बदलायला हवा. घरात सगळे लोनच म्हणतात.

हे तीन फोल्डर आहेत तसे ड्राइव्हवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावेत. पेनड्राइव्ह पेटीत, मूळ कागदांशेजारी. मोबाइल हरवला, पाण्यात पडला किंवा बदलला, तरी नव्या मोबाइलवर त्याच नावांनी तेच कागद परत येतात.